उसना लॅपटॉप मोडून परत आला, तर देणे किती?

मित्राने लॅपटॉप मागितला, तुम्ही एक पैसा न घेता दिला आणि आठवड्याने तो पडदा फुटलेल्या अवस्थेत परत आला. अशा वेळी दोन टोकांची वाक्ये ऐकू येतात. घेणारा म्हणतो, “फुकट दिला होतास, भाडे थोडेच घेतले होतेस? आता पैसे कसले मागतोस?” देणारा म्हणतो, “तुझ्या हातात मोडला, आता नवा घेऊन दे.” दोघांनाही आपले म्हणणे न्यायाचे वाटते आणि दोघांचेही चुकते. फुकट घेतल्याने घेणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. वस्तू त्याच्या हातात मोडली, एवढ्यावरून तिची पूर्ण किंमतही त्याच्या माथी बसत नाही. देणे किती, हे तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. वस्तू ज्या कामासाठी आणि ज्याच्यासाठी दिली होती, तेवढाच तिचा वापर झाला का? ठरलेल्या वेळेच्या आत झाला का? आणि वापरताना शहाण्या माणसाला शोभेल एवढी काळजी घेतली का? आपला कायदा याच क्रमाने विचार करतो. मैत्रीतला वाद सोडवायलाही हाच क्रम उपयोगी पडतो, कारण त्यामुळे बोलणे रागावरून घडलेल्या गोष्टींवर येते.

कायदा म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२. एकाने आपली वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याकडे सोपवायची आणि हेतू पुरा झाल्यावर ती परत घ्यायची, या व्यवहाराला त्यात निक्षेप म्हटले आहे. त्याचे नियम कलम १४८ पासून सुरू होतात. इथे पहिली हरकत येते, आणि ती वरवर भक्कम वाटते: करार म्हटला की मोबदला हवा, एका बाजूने काहीच दिले नसेल, तर तो करार कसा? याचे उत्तर अधिनियमातच आहे. मोबदल्याशिवाय दिलेल्या वस्तूंसाठी त्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. कलम १५९ प्रमाणे विनामोबदला वापरायला दिलेली वस्तू मालक मुदतीआधीही परत मागू शकतो. मात्र मुदतीवर विसंबून घेणाऱ्याने काही केले असेल आणि अचानक परत द्यावी लागल्याने त्याचा तोटा त्याला झालेल्या फायद्याहून जास्त होत असेल, तर तो जादा तोटा मालकाने भरून द्यायचा. कलम १६२ प्रमाणे असा व्यवहार दोघांपैकी एकाच्या मृत्यूने संपतो. फुकट उसनवारी कायद्याच्या कक्षेबाहेर असती, तर हे नियम लिहायचे कारण नव्हते. मालकाने काही दिवस आपल्या वस्तूचा ताबा सोडला, हीच त्याची झीज आहे आणि तिच्या बदल्यात घेणाऱ्यावर जबाबदारी येते. हा विचार आपल्याकडे १८७२ साली पहिल्यांदा आला असेही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने ठेवीचे नियम मागून आणलेल्या वस्तूलाही लागू केले आहेत, आणि राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे गेलेल्या ठेवीची भरपाई ती सांभाळणाऱ्याकडून घ्यायची नाही, असे सांगितले आहे.

आता काळजीचे माप. कलम १५१ सांगते की निक्षेपाच्या सर्व प्रकारांत, वस्तू घेणाऱ्याने तिची तेवढी काळजी घेतली पाहिजे, जेवढी सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची घेईल. कलम १५२ त्याची दुसरी बाजू मांडते: एवढी काळजी घेतली असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर वस्तू हरवली, नष्ट झाली वा खराब झाली तरी घेणारा जबाबदार नाही. यातले ‘सर्व प्रकारांत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंग्लंडच्या जुन्या न्यायविचारात फरक केलेला होता. १७०३ च्या कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड या खटल्यात सरन्यायाधीश होल्ट यांनी निक्षेपाचे सहा प्रकार पाडले आणि फक्त स्वतःच्या फायद्यासाठी फुकट वस्तू घेणाऱ्यावर सर्वांत कडक जबाबदारी ठेवली. त्याची जराशी हयगयही क्षम्य नाही, असे मानले. आपल्या अधिनियमाने हे प्रकार बाजूला ठेवून सगळ्यांना एकच माप लावले. म्हणजे ‘फुकट घेतला, म्हणून थोडी हयगय चालेल’ असे म्हणायला या दोन्हींपैकी एकाही परंपरेत आधार नाही. इंग्लंडच्या जुन्या विचाराप्रमाणे फुकट घेणाऱ्याची जबाबदारी जास्त, आपल्या कायद्याप्रमाणे इतरांइतकीच. कमी कुठेच नाही.

या मापातली एक खोच ध्यानात घ्यावी. घेणारा स्वतःच्या वस्तू कशा वापरतो, याच्याशी कायद्याला देणेघेणे नाही. “मी माझासुद्धा लॅपटॉप असाच पलंगावर टाकतो” हा बचाव नाही. त्यातून फक्त तो स्वतःच्या वस्तूंबाबतही निष्काळजी आहे, एवढेच कळते. माप शहाण्या माणसाचे आहे, आणि लॅपटॉपच्या बाबतीत शहाणा माणूस काय करतो हे सांगणे अवघड नाही. तो बंद करण्याआधी कीबोर्डवर इअरफोन किंवा पेन राहिले नाही ना, हे पाहतो. कारण झाकण मिटताना त्याच जागी पडदा तडकतो. झाकण एका कोपऱ्याला धरून न ओढता मध्यभागी धरून उघडतो. दुचाकीवरून नेताना पाठीवरच्या सॅकमध्ये आतल्या कप्प्यात ठेवतो, हँडलला अडकवलेल्या पिशवीत नाही. चालू लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवत नाही, कारण खालच्या जाळीतून आत जाणारी हवा अडते. चार्जरची वायर येण्याजाण्याच्या वाटेत पसरत नाही. यातले काहीच तज्ज्ञाचे ज्ञान नाही. लॅपटॉप वापरणाऱ्या कोणाकडूनही एवढी अपेक्षा ठेवता येते, आणि कायद्याचीही अपेक्षा एवढीच आहे.

एक अपघात, चार उत्तरे

हे प्रत्यक्षात कसे लागू पडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका विद्यार्थ्याने वर्गमित्राला प्रकल्पाचा अहवाल लिहायला दहा दिवसांसाठी लॅपटॉप दिला. सहाव्या दिवशी तो मित्र अभ्यासिकेत टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करत होता. बाजूने घाईत जाणाऱ्या एका मुलाचा टेबलाला धक्का लागला, लॅपटॉप खाली पडला, पडदा फुटला आणि एक बिजागरी उखडली. लॅपटॉप टेबलाच्या कडेला नव्हता आणि वायरही कोणाच्या पायात येण्यासारखी नव्हती. काम ठरलेलेच होते, मुदत उरलेली होती आणि काळजीही घेतलेली होती. कलम १५२ प्रमाणे मित्र भरपाई देणे लागत नाही. मात्र तो हात झटकून मोकळा होत नाही. धक्का देणाऱ्याच्या हयगयीमुळे नुकसान झाले असेल, तर कलम १८० प्रमाणे मालकाइतकाच, वस्तू ताब्यात असलेल्या या मित्रालाही त्याच्याकडून भरपाई मागण्याचा अधिकार आहे. प्रसंगाला हजर तोच होता, म्हणून त्या मुलाचे नाव आणि संपर्क घेणे, पाहणाऱ्यांपैकी एकदोघांशी बोलून ठेवणे आणि पैसे मिळाल्यास मालकाला त्याच्या नुकसानीइतका वाटा देणे त्याच्याकडे येते.

आता घटना तीच ठेवून एकेक गोष्ट बदलून पाहू. समजा, अभ्यासिकेत तो मित्र नव्हताच; त्याने लॅपटॉप खोलीतल्या सोबत्याला वापरायला दिला होता आणि तो तिथे अगदी जपून काम करत होता. धक्का तोच, पडणे तेच. तरीही आता वर्गमित्र पूर्ण जबाबदार आहे. कलम १५४ प्रमाणे अटीविरुद्ध वापर झाला आणि त्या वापरादरम्यान नुकसान झाले, तर काळजी घेतली होती हा बचाव चालत नाही. अधिनियमाने यासाठी घोड्याचे उदाहरण दिले आहे: फक्त स्वतः बसण्यासाठी घेतलेला घोडा घेणाऱ्याने घरातल्या माणसाला दिला, त्याने तो नीट चालवला, तरीही घोडा अपघाताने पडून जायबंदी झाला, तर भरपाई घेणाऱ्यानेच द्यायची. किंवा समजा, वापरणारा मित्रच होता, पण दहा दिवस उलटून पंधरावा दिवस लागला होता. मुदत संपली की न मागता वस्तू परत करायची, असे कलम १६० सांगते. घेणाऱ्याच्या चुकीने ती परत गेली नाही, तर त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी त्याची, असे कलम १६१ सांगते. म्हणून इथेही तो देणे लागतो. मालकाने “आणखी आठवडाभर ठेव” असे म्हटले असेल, तर अर्थातच नाही. शेवटी समजा, माणूस, काम, मुदत सगळे बरोबर होते, पण मित्राने चार्जरची वायर वाटेत आडवी ताणून लावली होती आणि जाणाऱ्याचा पाय तीत अडकला. इथे प्रश्न कलम १५१ चा आहे. काळजीत कसूर झाली, म्हणून भरपाई द्यावी लागेल. लॅपटॉप चारही वेळा सारखाच फुटला, पण देणे ठरले ते घेणाऱ्याच्या वागण्यावरून.

म्हणूनच भांडणाच्या पहिल्या दिवशी “किती पैसे?” हा प्रश्न विचारू नये. आधी “कोण वापरत होते, कशासाठी, कोणत्या दिवशी, कुठे ठेवला होता?” हे विचारावे. यावर “मला माहीत नाही, उघडला तेव्हा असाच होता” असे उत्तर आले, तर ते पुरेसे नाही. मालकाने दोन गोष्टी दाखवायच्या असतात: वस्तू चांगल्या स्थितीत दिली आणि मोडून परत आली. त्यानंतर आपण योग्य काळजी घेतली होती, हे दाखवायचे काम घेणाऱ्याचे असते, कारण मधल्या काळात काय घडले हे त्यालाच माहीत असते. फक्त एकाच पक्षाला माहीत असलेली गोष्ट त्यानेच सिद्ध करायची, हे तत्त्व पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते आणि आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १०९ मध्ये आहे.

जुनाच होता, त्यात माझा काय दोष?

घेणाऱ्याची सर्वांत वजनदार हरकत हीच असते, आणि ती पुष्कळदा खरीही असते. लॅपटॉप मोडतो तो नेहमी शेवटच्या वापरणाऱ्याच्या चुकीने नव्हे. बिजागरी ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर स्क्रूने बसवलेली असते, त्या वर्षानुवर्षांच्या ताणाने भेगाळतात आणि एक दिवस साध्या उघडण्याने तुटतात. बॅटरी वयाने फुगते. साठवणीची डिस्क कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. घेणाऱ्याने काळजी घेतलेली असेल, तर अशा झिजेचा भार त्याच्यावर येत नाही. उलट कलम १५० मालकावरही एक कर्तव्य टाकते. वस्तूतला जो दोष त्याला ठाऊक आहे आणि ज्याने वापरात मोठी अडचण येते किंवा घेणाऱ्याला असाधारण धोका संभवतो, तो त्याने देतानाच सांगायचा. नाही सांगितला आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई मालकाने करायची. फुगलेली बॅटरी माहीत असूनही लॅपटॉप देणाऱ्या मालकाला हे कलम आठवायला हवे.

मग हे झिजेमुळे झाले की हयगयीमुळे, हे ओळखायचे कसे? अंदाजाने नव्हे, मशीन उघडून. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेताना फक्त “दुरुस्त करून द्या” न म्हणता “कारण काय ते लिहून द्या आणि उघडल्यावर फोटो काढा” असे सांगावे. आत द्रव गेला असेल, तर मदरबोर्डवर पांढरा किंवा हिरवट थर दिसतो, आणि काही लॅपटॉपमध्ये ओल लागताच रंग बदलणारी छोटी चिकटपट्टी लावलेली असते. आघाताने फुटलेल्या पडद्यावर भेगा बहुधा एका बिंदूपासून पसरलेल्या दिसतात, आणि पडल्याची खूण म्हणून बाहेरचा कोपराही अनेकदा चेपलेला असतो. कोपरा शाबूत आणि खुंट्यांच्या भोवती जुन्या, धूळ भरलेल्या भेगा असतील, तर झिजेची शक्यता जास्त. विंडोज चालणाऱ्या लॅपटॉपवर बॅटरीचे वय तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढची आज्ञा द्यावी:

```
powercfg /batteryreport
```

त्यातून तयार होणाऱ्या अहवालात DESIGN CAPACITY म्हणजे मूळ क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची क्षमता दिसते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी आठवडाभराच्या उसनवारीत खराब झाली, असे कोणी म्हणू नये. या तपासणीलाही मर्यादा आहे. आधीच कमजोर झालेली बिजागरी धक्क्याने तुटली, अशी मिश्र कारणे असतात, आणि तेव्हा तंत्रज्ञही ठामपणे सांगू शकत नाही. अशा वेळी खर्च वाटून घेणे हेच वाजवी.

रक्कम कशी काढायची

जबाबदारी ठरली की रक्कम. “नवा घेऊन दे” ही मागणी इथे टिकत नाही, कारण भरपाईने मालकाला नुकसानीआधीच्या स्थितीत आणायचे असते, त्याहून वरच्या स्थितीत नाही. त्याच्याकडे तीन वर्षे वापरलेला लॅपटॉप होता, म्हणून भरपाईही तीन वर्षे वापरलेल्या लॅपटॉपचीच. व्यवहारात नियम सोपा आहे: दुरुस्तीचा खर्च आणि मोडण्याच्या आदल्या दिवशीची बाजारातली किंमत, यांपैकी जी रक्कम कमी ती द्यायची. वरच्या उदाहरणात लॅपटॉप साठ हजाराला घेतलेला होता आणि तसाच चालू स्थितीतला जुना लॅपटॉप आज पंचवीस हजाराला मिळतो, असे धरू. पडदा ९,००० आणि बिजागरी २,५०० रुपये लागत असतील, तर देणे ११,५०० रुपये. पडदा नवा बसला म्हणून काही कापायचे कारण नाही, कारण नव्या पडद्याने जुन्या लॅपटॉपची किंमत फारशी वाढत नाही. पण क्षमता निम्म्यावर आलेली बॅटरीही बदलावी लागली आणि आता नवी मिळणार असेल, तर तिचा निम्मा खर्च मालकाने उचलणे योग्य. समजा, मदरबोर्ड गेला आणि दुरुस्तीला २८,००० रुपये सांगितले. ही रक्कम लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त आहे, म्हणून दुरुस्तीचा आग्रह धरता येणार नाही. मोडका लॅपटॉप सुट्या भागांसाठी ६,००० रुपयांना जात असेल आणि मालक तो स्वतःकडे ठेवणार असेल, तर देणे १९,००० रुपये. मोडका लॅपटॉप घेणाऱ्याकडे जाणार असेल, तर पूर्ण २५,०००.

आदल्या दिवशीची किंमत काढताना एक चूक टाळावी. आयकरासाठी संगणकावर दरसाल उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने साठ हजारांचा लॅपटॉप तीन वर्षांनी १२,९६० रुपयांचा उरतो. हा आकडा करासाठी आहे, बाजारभाव नव्हे. त्याच मॉडेलच्या, तितक्याच जुन्या दोनतीन लॅपटॉपच्या विक्रीच्या किमती पाहून त्यांचा मध्य धरणे दोघांनाही न्यायाचे. दुरुस्तीसाठीही दोन ठिकाणचे लेखी अंदाज घ्यावेत, आणि हा खर्च कंपनीच्या वॉरंटीतून निघेल असे गृहीत धरू नये. साध्या वॉरंटीत पडणे आणि सांडणे येत नाही. अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतलेले असेल, तरच येते. ते असेल, तर मालकाने ते आधी वापरावे आणि मित्राकडे फक्त उरलेली रक्कम मागावी.

मग बाकीच्या नुकसानीचे काय? लॅपटॉप नव्हता म्हणून मालकाचे कामाचे पैसे बुडाले, किंवा त्यातला प्रबंध गेला. कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे, किंवा देतानाच दोघांना ठाऊक असलेले नुकसानच मागता येते. दूरचे आणि अप्रत्यक्ष नुकसान मागता येत नाही. शिवाय नुकसान आवरण्याचे मालकाच्या हाती असलेले उपायही हिशेबात धरले जातात. “पुढच्या सोमवारी मला याच लॅपटॉपवर काम द्यायचे आहे” असे देताना सांगितले असेल, तर दुरुस्ती होईपर्यंतचे दुसऱ्या लॅपटॉपचे वाजवी भाडे मागणे रास्त आहे. न सांगितलेल्या कामाचा बुडालेला मोबदला मागणे रास्त नाही. मजकुराबाबत पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही, की पडदा किंवा मदरबोर्ड गेला म्हणजे साठवलेले गेलेच असे नाही. अनेक लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. काहींत मात्र ती बोर्डवरच जोडलेली असते, आणि मजकूर कूटबद्ध असेल तर त्याची किल्ली लागते. घेणाऱ्याच्या हयगयीमुळे मजकूर परत मिळवण्याचा खर्च आला, तर तो मागता येईल. पण एकमेव प्रत लॅपटॉपवर ठेवून तो दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मालकाने त्या धोक्याचा काही भाग स्वतःच पत्करलेला असतो.

मैत्रीत कायदा कशाला?

शेवटची हरकत स्वभावाची आहे. मित्राशी कलमे बोलायची का? माझे म्हणणे असे, की कायदा इथे तळ आखून देतो. त्याच्या वर किती चढायचे, हे घेणाऱ्याच्या सभ्यतेवर आहे. ज्या व्यवहारात सगळा फायदा एकाचा आणि सगळा धोका दुसऱ्याचा, तिथे निव्वळ अपघाताचा संपूर्ण भार उपकार करणाऱ्यानेच सोसावा, हे कायद्याने बरोबर असले तरी मनाला पटत नाही. होल्ट यांच्या कडक नियमामागे हाच विचार होता. म्हणून घेणाऱ्याची काहीही चूक नसली, तरी दुरुस्तीचा निम्मा खर्च त्याने आपणहून पुढे करावा, असा माझा सल्ला आहे. आणि मालकाने तो हक्क म्हणून मागू नये. याउलट चूक स्पष्टपणे घेणाऱ्याची असेल, तर “मैत्रीत पैसे काय” असे म्हणून मालकाला गप्प बसवणे हा मैत्रीचा गैरवापर आहे. मैत्री तुटते ती पैसे मागितल्याने नव्हे, लपवल्याने तुटते.

न लपवणे हे घेणाऱ्याचे पैशाइतकेच मोठे देणे आहे, आणि त्याला काळजीचाही अर्थ आहे. चहा सांडला, तर लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची, द्रव खाली वाहून जावा म्हणून यंत्र उलटे धरायचे, आणि “चालतो का बघू” म्हणून पुन्हा सुरू न करता शक्य तितक्या लवकर दुरुस्तीकडे न्यायचे. तांदळाच्या डब्यात ठेवून बोर्डवरची साखर निघत नाही. मालकाला त्याच तासात कळवायचे आणि दुरुस्ती कुठे करायची हे त्यालाच ठरवू द्यायचे. सांडल्यावर पुसून तसाच दोन दिवस वापरला आणि तिसऱ्या दिवशी बोर्ड गेला, तर सांडणे अपघाती असले तरी नंतरची हयगय घेणाऱ्याचीच.

वाद टाळण्याची खरी जागा मात्र देण्याच्या क्षणी आहे. दोघांनी मिळून पडदा, चारही कोपरे आणि चालू स्थिती दिसेल असे काही फोटो काढावेत, ठाऊक असलेले दोष बोलून दाखवावेत, मजकुराची प्रत काढून ठेवावी, घेणाऱ्यासाठी वेगळे वापरकर्ता खाते उघडावे आणि एक संदेश पाठवावा: “प्रकल्पासाठी माझा लॅपटॉप तुला दहा दिवस देतोय, २० तारखेला परत दे. फक्त तू वापर. उजवी बिजागरी थोडी सैल आहे. काही झालं तर लगेच कळव.” घेणाऱ्याने “हो” म्हटले की काम, व्यक्ती, मुदत आणि जुना दोष, चारही गोष्टी नोंदल्या जातात. यापुढे जाऊन “कसेही मोडले तरी दुरुस्तीचा खर्च तुझा” असे ठरवायचे असेल, तर तेही ठरवता येते; कलम १५२ वेगळ्या कराराला वाव देते. पण ते आधी ठरवायचे. मोडल्यानंतर लादायचे नाही.

एवढे करूनही मित्र नाकारत राहिला, तर कोणते दार ठोठावायचे, हे माहीत असावे. ग्राहक आयोग इथे कामाचा नाही, कारण मित्राने तुम्हाला पैसे घेऊन सेवा दिलेली नाही. हयगयीने वस्तू मोडणे हा गुन्हाही नाही. अप्रामाणिकपणे वस्तू बळकावली किंवा जाणूनबुजून तोडली, तरच पोलिसांचा विषय येतो. आधी रक्कम, तिचा हिशेब आणि पंधरा दिवसांची मुदत लिहून रीतसर मागणी करावी. तरीही उत्तर आले नाही, तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्यावा. लोक अदालतीत तडजोड झाली, तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा, आणि त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे. अकरा हजारांसाठी दावा लावणे क्वचितच परवडते. म्हणून संदेश, फोटो, दुरुस्तीचे अंदाज हा पुरावा न्यायालयात जाण्यासाठी जेवढा, त्याहून अधिक समोरासमोर बसून आकडा ठरवण्यासाठी जपावा. बसण्याआधी घेणाऱ्याने आपण परवानगी, मुदत आणि काळजी यांपैकी काय मोडले ते स्वतः सांगावे, आणि मालकाने नव्या लॅपटॉपची किंमत विसरून आदल्या दिवशीची किंमत पुढे ठेवावी. दोघांनी एवढे केले, तर उरलेला प्रश्न फक्त हिशेबाचा राहतो.